एकेरी फटीचं विवर्तन: काळा पट्टा कुठे पडतो आणि मधला उजळ पट्टा का पसरतो

दोन फटींच्या प्रयोगात पथांतर एक तरंगलांबी λ एवढं झालं की उजेड मिळतो. मग a रुंदीच्या एका फटीत, θ कोनाच्या दिशेला a sin θ = λ असताना अंधार कसा?

दोन्ही ठिकाणी λ दिसतो, पण तो कुणाकुणातला फरक आहे ते वेगळं आहे. दोन फटींत λ हा दोन उगमांमधला फरक असतो. तिथे दोनच लाटा आहेत, त्या एक पूर्ण तरंगलांबी मागेपुढे झाल्या की पुन्हा जुळतात. एका फटीत मात्र फटीचा प्रत्येक बिंदू स्वतः लाट पाठवतो आणि a sin θ हा फक्त दोन टोकांच्या बिंदूंमधला फरक असतो. मधल्या असंख्य बिंदूंचं काय होतं, ते पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

फटीचे मनात दोन समान भाग करा, वरचा आणि खालचा. वरच्या भागातला अगदी वरचा बिंदू घ्या आणि त्याची जोडी खालच्या भागातल्या अगदी वरच्या बिंदूशी लावा. दोघांत अंतर a/2 आहे, म्हणून टोकांमधला फरक λ असताना यांच्यातला फरक λ/2 होतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर पडतो आणि दोघं एकमेकांना पुसून टाकतात. आता दोन्ही बिंदू थोडे खाली सरकवा. पुन्हा अंतर a/2, पुन्हा तेच. असं करत गेलं की वरच्या भागातल्या प्रत्येक बिंदूला खाली जोडीदार मिळतो आणि एकही बिंदू उरत नाही. हा पहिला काळा पट्टा, म्हणजेच पहिला लघुतम.

टोकांमधला फरक 2λ झाला की फटीचे चार भाग करायचे आणि शेजारच्या भागांच्या जोड्या लावायच्या. म्हणून सर्वसाधारण अट a sin θ = mλ, आणि m = 1, 2, 3… दोन्ही बाजूंना. m = 0 या यादीत नाही, कारण समोरच्या दिशेला कुणातच फरक नसतो आणि सगळ्या लाटा एकत्र मिळतात. सूत्र पाठ करताना शून्य वगळायचं राहिलं की उजेडाच्या जागी अंधार मांडला जातो, ही चूक उत्तरपत्रिकांत नेहमीची आहे.

याच जोड्यांवरून बाजूचे उजळ पट्टे इतके मंद का, हेही कळतं. फरक 1.5λ असताना फटीचे तीन भाग पडतात. दोन भाग एकमेकांना संपवतात, उरलेल्या एका भागाचाच उजेड पोहोचतो, आणि त्यातही आतल्या आत थोडी काटछाट होते. हिशेबाने पहिला बाजूचा पट्टा मधल्याच्या सुमारे ४.७ टक्केच तेजस्वी निघतो. त्याचा कळस नेमका 1.5λ ला नसून 1.43λ ला असतो. काळ्या पट्ट्यांच्या जागा मात्र पूर्णांकांवर अचूक पडतात, म्हणून मोजमाप नेहमी काळ्यावरून करावं.

फट अर्धी केली की मधला पट्टा दुप्पट रुंद होतो, हे सूत्रात दिसतं पण पटत नाही. कमी उजेड जास्त जागा कशी व्यापेल?

काळा पट्टा पडायला टोकांमधला फरक एक पूर्ण तरंगलांबी व्हावा लागतो, एवढंच लक्षात ठेवा. फट रुंद असेल तर थोडंसं तिरकं पाहिलं तरी तेवढा फरक साठतो. फट अरुंद असेल तर दोन टोकं जवळ असतात, त्यामुळे तोच फरक साठायला बरंच जास्त तिरकं जावं लागतं. तोवर लाटा एकमेकांना पुरत्या पुसू शकत नाहीत, म्हणून उजेड तिथवर पसरतो.

आकडे घालून पाहू. लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा, पडद्याचं अंतर L = २ मीटर आणि फट a = ०.१० मिलिमीटर. पहिला काळा पट्टा मध्यापासून λL/a अंतरावर, म्हणजे १३ मिलिमीटरवर पडतो. मधला पट्टा दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्यांमध्ये असल्याने त्याची रुंदी 2λL/a, म्हणजे २६ मिलिमीटर. फट ०.०५ केली की तो ५२ होतो, ०.२० केली की १३. म्हणजे पट्टा फटीपेक्षा शेकडो पट रुंद असू शकतो, आणि त्याला फटीची सावली समजणं तिथेच संपतं.

आता उजेडाचा हिशेब. फट अर्धी केली की मध्यबिंदूवर पोहोचणारा आयाम अर्धा होतो. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौथाई होते. ही चौथाई तीव्रता दुप्पट रुंदीवर पसरली, म्हणजे एकूण उजेड अर्धा. अर्ध्या फटीतून नेमका तेवढाच आत आला होता. उजेड कुठून जास्त आलेला नाही, पातळ होऊन पसरला आहे. प्रयोग करताना हे डोळ्यांनाही दिसतं: फट आवळत नेली की पट्टा रुंदावतो आणि सोबतच फिका पडतो.

बाजूचे पट्टे मधल्याच्या निम्मेच रुंद का?

काळे पट्टे m = −2, −1, 1, 2 असे समान अंतरावर पडतात. लहान कोनांपर्यंत हे अंतर λL/a धरता येतं. फक्त m = 0 ची जागा रिकामी आहे, म्हणून मधल्या पट्ट्याला दोन घरं मिळतात आणि बाकीच्यांना एकेक.

ब्लेडच्या दोन तुकड्यांची फट केली आहे. मधला पट्टा मोजून तिची रुंदी काढतो, पण दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मधल्या पट्ट्याच्या कडा नजरेने ठरवणं अवघड असतं. तो तेजस्वी असल्याने कडेकडचा मंद उजेडही उठून दिसतो आणि काळ्याचा मध्य सरकल्यासारखा वाटतो. फोनने फोटो काढला तर आणखी वाईट: मधला भाग जास्त उजळून पांढरा होतो आणि पट्टा फोटोत फुगतो. म्हणून एकच पट्टा मोजण्याऐवजी डावीकडच्या तिसऱ्या काळ्यापासून उजवीकडच्या तिसऱ्या काळ्यापर्यंत मोजा.

पद्धत अशी. भिंतीवर पांढरा कागद चिकटवा, खोलीतला उजेड बंद करा आणि प्रत्येक काळ्या पट्ट्याच्या मध्यावर बारीक पेन्सिलीने खूण करा. मग लेसर बंद करून, दिवा लावून मोजपट्टीने अंतर घ्या. समजा वरच्याच लेसरने, २ मीटरवरच्या पडद्यावर डाव्या आणि उजव्या तिसऱ्या काळ्यांमधलं अंतर ८४ मिलिमीटर आलं. मधे सहा घरं आहेत, म्हणून ८४ = 6λL/a. त्यावरून a सुमारे ०.०९३ मिलिमीटर. दोन्ही खुणांत मिळून एक मिलिमीटर चूक झाली तरी ती ८४ मध्ये सव्वा टक्का भरते. तीच चूक २८ मिलिमीटरच्या मधल्या पट्ट्यात साडेतीन टक्के झाली असती.

इथे घरं मोजताना फसायला होतं. मधल्या पट्ट्याला लागून असलेला अंधार हाच पहिला. पहिला बाजूचा उजळ पट्टा ओलांडल्यावरचा अंधार दुसरा. तो पहिला धरून मोजलं तर मोजणी एका क्रमाने सरकते आणि रुंदीचं उत्तर चुकतं.

एक मर्यादा मोजपट्टीने सुटत नाही. लेसरवर ६३०–६८० नॅनोमीटर असं छापलेलं असेल तर तरंगलांबीच चार टक्के इकडेतिकडे असू शकते, आणि वरच्या मोजमापातून a ०.०९० ते ०.०९७ यांमध्ये कुठेही येईल. दोन फटींच्या रुंदीची तुलना करायची असेल तर अडचण नाही, कारण एकच लेसर वापरला तर गुणोत्तरात λ निघून जातो. आणि ब्लेडचा चकचकीत पृष्ठभाग लेसर परतवतो. तो परतलेला किरण कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर जात नाही ना, हे आधी पाहा.

पहिला काळा पट्टा स्वच्छ दिसतो, पण तिसरा-चौथा पुसट होतो. दुसऱ्या एका फटीत तर पहिलाच करडा आहे.

दोन्ही दोष वेगळे आहेत. बाहेरचे पट्टे पुसट होत असतील तर ब्लेडच्या कडा समांतर नाहीत. लेसरचा ठिपका दोन मिलिमीटर उंच आहे असं धरा. त्या उंचीत फट खाली ०.०९ आणि वर ०.११ मिलिमीटर असेल, तर खालच्या भागाचा पहिला काळा १४.४ मिलिमीटरवर आणि वरच्या भागाचा ११.८ मिलिमीटरवर पडतो. नीट पाहिलं तर पट्टा तिरका झालेला दिसतो. तिसऱ्या क्रमावर हीच जागा ४३ आणि ३५ मिलिमीटर होते, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटरची फाकणी. पट्ट्यांमधलं अंतर तेराच असल्याने तिथे अंधार आणि उजेड एकमेकांवर चढतात. दोष इतका ठळक असूनही कडांमधला कोन फक्त अर्ध्या अंशाच्या आसपास आहे! एक ब्लेड पक्कं चिकटवून दुसरं हलकेच फिरवत, पट्टे उभे सरळ होईपर्यंत जुळवलं की तो जातो.

पहिलाच पट्टा करडा असेल तर वरचं जोड्यांचं गणित पुन्हा आठवा. जोडीदार एकमेकांना पूर्ण पुसतात ते दोघं सारखेच बलवान असतील तेव्हाच. लेसरच्या ठिपक्याची कड फटीवर पडली, तर एका बाजूचे बिंदू बलवान आणि दुसरीकडचे दुबळे ठरतात, आणि काही उजेड उरतो. ठिपक्याचा मध्य फटीवर आणा. तरीही करडेपणा राहिला तर ब्लेडच्या बाहेरून किंवा आजूबाजूने थेट उजेड पडद्यावर येतो आहे का ते तपासा.

फट रुंद करत गेलो तर पट्टा अरुंदच होत राहील का? आणि उलट, आवळत गेलो तर?

रुंद करताना एका मर्यादेनंतर नाही. 2λL/a हे सूत्र पडदा a²/λ पेक्षा बराच दूर असताना चालतं. ०.१० मिलिमीटरच्या फटीला हे अंतर दीड सेंटिमीटर आहे, म्हणून दोन मीटर भरपूर झाले. एक मिलिमीटरच्या फटीला ते दीड मीटर होतं आणि दोन मीटरवरचा पडदा तिथे जवळचाच ठरतो. मग काळे पट्टे भरून येतात, मधेच बारीक रेषा उमटतात आणि चित्र हळूहळू फटीच्या आकाराकडे झुकतं. याच मांडणीत साधारण दीड मिलिमीटरच्या पुढे फट वाढवली की पडद्यावरचा उजळ भागही वाढू लागतो. रुंद फटीचा अभ्यास करायचा तर पडदा लांब न्या, किंवा फटीनंतर भिंग ठेवून त्याच्या नाभीपाशी पडदा धरा.

आवळताना दुसरी मर्यादा येते. फट 2λ इतकी झाली की पहिला काळा पट्टा ३० अंशांवर जातो. तिथे लहान कोनाचं सूत्र सोडून sin θ वरून कोन काढावा आणि मग पडद्यावरचं अंतर L tan θ ने मोजावं. फट λ एवढी झाली की sin θ = 1, म्हणजे पहिला काळा ९० अंशांवर गेला. त्याहून अरुंद फटीला काळा पट्टाच नसतो, कारण कितीही तिरकं गेलं तरी दोन टोकांमध्ये पूर्ण तरंगलांबीचा फरक साठत नाही. ब्लेडने मात्र इतकी अरुंद फट होत नाही. ६५० नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.