बोटाचं टोक गेलं म्हणजे नक्की किती गेलं?

जखमी कामगाराच्या अपंगत्वाचा सारांश अहवाल लिहायला बसण्याआधी ताजा एक्स-रे स्वतः बघ. तुझ्या मसुद्यात पॉवर प्रेसवरच्या त्या कामगाराबद्दल ‘उजव्या तर्जनीचं टोक तुटलं’ एवढंच आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या पहिल्या अनुसूचीत तर्जनीचं टोक हाडाला धक्का न लागता गेलं तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान 5 टक्के धरलं होतं, एक पेर गेलं तर 9, दोन गेली तर 11. म्हणजे हाड कुठपर्यंत उरलंय, या एका ओळीवर त्या माणसाची भरपाई जवळपास दुप्पट होते. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर विसंबू नकोस. जखम चिघळून हाड नंतर पुन्हा छाटलेलं असू शकतं. माझी एकदा अशीच चूक झाली होती आणि ती अजून सलते.

त्याचं मधलं बोट ताठ झालंय, असा ताठरपणा अनुसूचीत नाही. तिथे टक्केवारी तुलाच ठरवायची आहे. सूज उतरून फिजिओथेरपी पूर्ण झाल्यावरच सांधा किती अंश वाकतो ते मोज, दोन्ही हातांची पकड तीन-तीनदा घे आणि आकडे लिही.

शारीरिक हानी आणि कमाईची क्षमता वेगवेगळ्या परिच्छेदांत मांड. 1975 च्या प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं कमाईचं नुकसान सर्वोच्च न्यायालयाने 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून तुझ्या कामगाराला विचार: पत्रा कोणत्या बोटांनी धरायचास?