बँकेच्या शिक्क्याची पोच आधी घ्या

"वकीलसाहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक. पुतण्याने माझ्या मोबाइलवर एक रुपयात सिरीयलचं ॲप घेतलं होतं, नंतर काढून टाकलं. परवा पासबुक भरलं तर नऊ महिने दरमहा १९९ रुपये गेलेले. वर २९५ रुपये दोनदा कापले, ते मोबाइलच्या जुन्या हप्त्याचे म्हणतात. तो हप्ता तर कधीच फिटला. पीएम किसानचे दोन हजार यातच गेले. बँकेतले साहेब म्हणतात कंपनीला विचारा. फ्रॉडची केस केली तर पैसे परत मिळतील का?"

भाऊ, १९९ रुपयांसाठी फ्रॉडची केस करू नका, टिकणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही, हे खरं. पण ते संमतीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे. इथे तुमचा पिन टाकला गेला, आणि पुतण्याला तो माहीत असणं यालाच बँक निष्काळजीपणा म्हणेल. एक रुपया भरताना त्याच पडद्यावर पुढे जास्तीत जास्त किती आणि कधीपर्यंत कापायचं, हेही लिहिलेलं असतं. पिन पडला तो त्या ओळींवर.

ॲप काढून काही थांबत नाही. कपातीची परवानगी, म्हणजे मँडेट, सिरीयलच्या ॲपात नसून तुमच्या खात्यावर असतं. ज्या यूपीआय ॲपमधून पिन टाकला ते उघडा, Autopay मध्ये जा, चालू मँडेटवर Revoke किंवा Cancel दाबून पिन द्या आणि त्या पडद्याचा फोटो ठेवा.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. मँडेट बंद केल्याची तारीख तुमच्या हातात कागदावर असली पाहिजे. त्या तारखेनंतर एक रुपया जरी गेला तरी उत्तर बँकेला द्यावं लागतं. आधीचं मात्र भांडून, समजावून मिळवायचं असतं. तुम्ही साहेबांना तोंडी सांगून परत आलात, म्हणजे कागदावर काहीच घडलं नाही. नऊ महिने पासबुक भरलं नाही, तेव्हा आता निदान हा आठवडा घालवू नका.

दोन प्रती घेऊन शाखेत जा. अर्जात एवढंच लिहा: "माझ्या खाते क्रमांक अमुक वरील अमुक कंपनीच्या मँडेटला दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. यापुढे कपात करू नये." दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. खातेदाराने संमती काढल्यावर बँकेने कंपनीच्या होकारासाठी अडून बसायचं कारण नाही.

२९५ चं प्रकरण वेगळं आहे. पासबुकात त्या तारखेला NACH किंवा ACH लिहिलेलं सापडेल. कंपनीने हप्ता मागितला, खात्यात पैसे नव्हते, म्हणून बँकेने २५० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला. शिल्लक नसताना असा दंड खात्यावर चढून राहतो आणि अनुदान जमा झालं की वळता होतो. तुमचे दोन हजार असेच गेले असावेत. कर्ज फिटल्याचा नो ड्यूजचा कागद असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा आणि दोन्ही दंड परत मागा. कर्ज संपल्यावर हप्ता मागणं ही कंपनीचीच चूक आहे. कागद नसेल तर आधी तो मिळवा. एखादा हप्ता खरंच राहिला असेल तर मँडेट बंद करून सुटका होत नाही. पैसे नसल्यामुळे कपात परतली तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं, आणि ते चेक बाउन्ससारखंच फौजदारी आहे.

गेलेल्या १,७९१ रुपयांसाठी एक धागा आहे. प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. त्या सूचना कुठल्या नंबरवर पाठवल्या, हे बँकेला त्याच अर्जात विचारा. तुमच्या नंबरवर आल्याच नसतील तर बाजू बरीच बळकट होते. येऊन न वाचता पुसल्या असतील तर फार आशा देत नाही. कंपनीविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण तारखांसाठी यवतमाळच्या खेपा मारण्यात या रकमेपेक्षा जास्त एसटीला जातील.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिथे पहिला कागद मागतील तो शिक्क्याची प्रत.

आणि रागाच्या भरात सगळंच बंद करू नका. वर्षातून एकदा जाणारे २० आणि ४३६ रुपये दिसले तर ते अपघात विम्याचे आणि जीवन विम्याचे आहेत. ते चालू राहू द्या.