दुःखात असताना कोणता सिनेमा बघावा?

“वडील जाऊन दोन महिने झाले. संध्याकाळ खायला उठते. भाऊ म्हणतो, पिक्चर बघ, मन रमेल. विनोदी लावला तर राग येतो, दुःखाचा लावला तर छातीत गोळा येतो. मॅडम, बघू तरी काय?”

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांचे वडील शेवटचा आठवडाभर बेळगावच्या एका दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि भावाने चांगल्या मनाने राजेश मापुस्करांचा ‘व्हेंटिलेटर’ (2016) लावला. प्रेमळ, हसवणारा, घरोघरी आवडलेला सिनेमा. बाई अर्ध्यावर उठल्या, आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

त्यांना मी एवढंच विचारलं, “नेमक्या कुठल्या दृश्याला उठलात?” कुणी मरतं त्या दृश्याला त्या उठल्याच नव्हत्या. नातेवाईक दवाखान्यात बसून डॉक्टरांची वाट बघतात, तिथे उठल्या. तिथेच मला उत्तर सापडलं. सिनेमा हसरा की रडवा हे माझ्या लेखी दुय्यम. आधी बघायचं ते हे, की गोष्टीत मृत्यू व्हायचा आहे की होऊन गेला आहे. जिथे व्हायचा असतो तिथे प्रेक्षक आशा धरून बसतो. ज्याने नुकतीच ती आशा धरली आणि गमावली, त्याचं शरीर पुन्हा त्याच बाकड्यावर जाऊन बसतं. मृत्यू सुरुवातीलाच झाला असेल तर धास्ती उरत नाही. मग प्रश्न राहतात ते जेवणाचे, अंथरुणांचे, पैशांचे, रुसव्याफुगव्यांचे.

म्हणून त्यांना सीमा पाहवांचा ‘रामप्रसाद की तेरहवी’ (2021) सुचवला. घरातला कर्ता पुरुष सुरुवातीलाच जातो. मग लेकरं-सुना गोळा होतात, वडिलांच्या कर्जावरून कुजबुज होते, जुन्या तक्रारी उकरल्या जातात, आणि एवढ्या गर्दीत आई एकटी पडते. सुप्रिया पाठक यांनी ती आई फारसं न बोलता उभी केली आहे. गोष्ट मी आधीच सांगून टाकली. सिनेमाची मजा जाते म्हणून लोक नाराज होतात, पण शोकातल्या माणसाला धक्का नको असतो, मजा नंतर.

बघायची वेळ दुपारची ठरवली, कारण त्यांचीही संध्याकाळच अवघड जायची. रिमोट त्यांच्याच हातात. सोबत नणंद, तीही न बोलणारी. “रडू नकोस गं” म्हणणारं माणूस शेजारी नकोच. एका बैठकीत अर्धा तास पुरे.

दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांच्या गोंधळावर हसल्या आणि लगेच ओशाळल्या, “वडील गेलेत आणि मी हसतेय!” नणंद म्हणाली, “वहिनी, आपल्याकडे तरी काय वेगळं झालं?” मग दिवसकार्यात जमिनीच्या उताऱ्यावरून झालेली कुरबुर निघाली. दोन महिने गिळलेला राग होता तो. त्यानंतर त्या रडल्या, पोटभर जेवल्या आणि झोपल्या. मी याच खुणा बघते. रडणं आलं तरी हरकत नाही, त्यानंतर भूक आणि झोप येते का ते बघायचं. उलट हातपाय गार पडले, सुन्न वाटलं, छाती धडधडत राहिली किंवा दवाखान्यातली चित्रं रात्री परत आली, तर तो सिनेमा बंद. पुन्हा धीर करून बघायचा नाही.

पुढे महिन्याभराने त्यांनीच कन्नड ‘तिथी’ बघितला. राम रेड्डींचा, मंड्याकडच्या खेड्यातला, बहुतेक भूमिका गावकऱ्यांनीच केलेल्या. 101 वर्षांचा म्हातारा जातो आणि अकराव्या दिवसाच्या कार्यापर्यंत तीन पिढ्या आपापल्या नादात असतात. मुलगा तर बाप गेल्यावरही आपला भटकतोच. बाईंना फार आवडला. पण मी तो सगळ्यांना सांगत नाही. ज्यांचं लेकरू किंवा तरुण नवरा गेला, त्यांना शंभरी गाठलेल्या माणसाच्या मरणाची गंमत बोचते. त्यांच्याशी बोलताना निवड पुन्हा नव्याने करावी लागते.

तुमच्या वडिलांचा शेवट कसा झाला हे तुम्ही लिहिलेलं नाही. दवाखान्यातला असेल तर दवाखान्याचे सिनेमे तूर्त बाजूला ठेवा, रस्त्यावरचा असेल तर अपघाताचे. नुसतं पोस्टर बघून ठरवू नका, ज्याने सिनेमा पाहिलाय त्याला विचारा, “माणूस कधी जातो? पडद्यावर दिसतं का?”

आणि छातीतला गोळा सिनेमा बंद केल्यावरही जात नसेल, जेवण-झोप सुटली असेल किंवा ‘आपणही जावं’ असं मनात येत असेल, तर सिनेमाचा विषयच सोडा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जसं सोपं वाटेल तसं बोला. छातीत खरोखर दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.