बीपीचं मशीन घेताना आधी दंड मोजा

प्रश्न : दुकानात प्रत्येक मशीनच्या खोक्यावर ‘क्लिनिकली टेस्टेड’ लिहिलेलं असतं. मग निवडायचं कसं?

खोक्यावरच्या त्या शब्दांवर जाऊ नका. मशीनच्या तळाशी मॉडेल क्रमांक असतो, तो stridebp.org या संकेतस्थळावर, मान्य चाचणीत उतरलेल्या मशीनच्या यादीत शोधा. मान्य चाचणीत किमान 85 माणसांचं बीपी मशीनवर मोजतात आणि प्रशिक्षित व्यक्तींनी स्टेथोस्कोप लावून घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. सरासरी फरक 5 मिलिमीटरच्या आत असावा लागतो, शिवाय आकडे फार वरखालीही होऊन चालत नाहीत. ओम्रॉन, ए अँड डी, मायक्रोलाइफ या कंपन्यांची मशीन डॉक्टर बहुधा सुचवतात, कारण त्यांची बरीच मॉडेल्स या चाचणीत उतरली आहेत. पण चाचणी मॉडेलची होते, कंपनीची नाही. म्हणून नाव ओळखीचं असलं तरी क्रमांक पाहाच.

प्रश्न : आईचं वरचं बीपी घरी 142 येतं, दवाखान्यात 136. मशीन नवं आहे, मॉडेल यादीतही आहे. ती अंगाने जाड आहे. मशीन खराब निघालं का?

मला आधी शंका येते ती पट्ट्याची. शिंप्याची टेप घ्या. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, उघड्या दंडाचा घेर मोजा. समजा तो 36 सेंटिमीटर भरला. मशीनसोबत येणारा पट्टा बहुतेक वेळा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो. ते त्याच्यावर छापलेलंही असतं. असा पट्टा जाड दंडाला पुरत नाही. आतली हवेची पिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही, त्यामुळे रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा फरक नीट मोजला गेला. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला, तेव्हा वरचं बीपी सरासरी 5 मिलिमीटरच्या आसपास जास्त आलं. अतिमोठा लागणाऱ्यांचं जवळपास 20 ने. बारीक दंडावर उलट होतं, आकडा कमी येतो आणि वाढलेलं बीपी लपून राहतं. सडपातळ आजी-आजोबांच्या बाबतीत मला याचीच जास्त काळजी वाटते.

त्याच कंपनीचा, तुमच्या मॉडेलला चालणारा 22 ते 42 चा पट्टा वेगळा मिळतो का ते विचारा. दुसऱ्या कंपनीचा जोडू नका, कारण चाचणी मशीन आणि पट्टा दोन्हींची मिळून झालेली असते. तो लावूनही फरक राहिला, तर मशीन दवाखान्यात न्या आणि त्याच हातावर आलटून पालटून मोजून घ्या. तोवर आईच्या गोळ्या स्वतःहून वाढवू नका.

प्रश्न : मनगटावरचं मशीन सोपं वाटतं. घेऊ का?

शक्यतो नको. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा जरा खाली राहिलं तरी आकडा वाढतो. दंडाला कुठलाच पट्टा नीट बसत नसेल, तरच डॉक्टरांना विचारून घ्या.