आधी टप्पा लिही

प्रिय बाळ,

परवा रात्री घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलची वाट बघत तू फोन केलास, तेव्हा तुझा आवाज रडवेला होता. ग्राहकाच्या नव्या कारखान्याची प्रेसनोट पॅकेजिंग धंद्यातल्या मासिकांच्या अकरा संपादकांना पाठवली, एकाचंही उत्तर नाही, आणि साहेब म्हणतात रोज फॉलोअप कर. मी तेव्हा फार बोललो नाही, कारण नोट वाचली नव्हती. आता तीनदा वाचली.

संपादक गप्प का आहेत, ते तुझ्या पहिल्या वाक्यातच आहे. 'भिवंडी येथे महिना 5,000 टन क्षमतेचा अत्याधुनिक कोरुगेटेड बॉक्स प्रकल्प दिमाखात कार्यान्वित झाला.' यातला 'अत्याधुनिक' आणि 'दिमाखात' संपादक दोन सेकंदांत खोडतो, त्याचं त्याला काही वाटत नाही. अडतो तो 'कार्यान्वित' या शब्दाशी. कार्यान्वित म्हणजे नक्की काय? यंत्र बसलं? वीज आली? ट्रायल सुरू आहे? की माल गाडीत भरून गिऱ्हाइकाकडे गेला आणि त्याचं बिलही फाटलं? नवीन युनिटच्या बातमीत आधी टप्पा लिही. कारखाना आज कुठे उभा आहे, ते. बाकी सगळं त्याच्या मागून.

तुला वाटेल, एवढ्याशा शब्दावर काका अडून बसलेत. पण असं मासिक वाचतं कोण, याचा विचार कर. बॉक्स बनवणारे इतर कारखानदार, क्राफ्ट कागद विकणाऱ्या मिलचे लोक, यंत्रं विकणारे, आणि साबण-बिस्किटांच्या कंपन्यांतले पॅकेजिंग खरेदीवाले. यातला प्रत्येक जण बातमी वाचून काहीतरी करणार आहे. कागदवाला ऑर्डर मागायला भिवंडीला जाईल. खरेदीवाला नमुने मागवेल. शेजारचा कारखानदार आपल्या दराचा फेरविचार करेल. तिथे गेल्यावर यंत्रावर अजून प्लास्टिक गुंडाळलेलं दिसलं, तर तो शिव्या तुझ्या मालकाला देत नाही, संपादकाला देतो.

आता तुझ्याच नोटेचा आकडा घे. तूच खाली लिहिलंयस की कॉरुगेटर, म्हणजे कागदाच्या थरांची शीट बनवणारं यंत्र, 1,800 मिलिमीटर रुंदीचा आहे, वेग मिनिटाला 150 मीटर, आणि कारखाना दोन पाळ्यांत चालणार. मग गणित कर. 1.8 मीटर गुणिले 150, म्हणजे मिनिटाला 270 चौरस मीटर शीट आणि तासाला 16,200. नेहमीची पाच पदरी शीट धरू. तीन सपाट कागद 120 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅमचे, आणि मधले दोन नागमोडी कागदही तेवढ्याच वजनाचे. नागमोडीला लांबी जास्त लागते, एकाला साधारण सव्वापट-दीडपटीच्या मध्ये. सगळं मिळून चौरस मीटरला 700 ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे तासाला सव्वाअकरा टन. दोन पाळ्यांचे 16 तास, महिन्याचे 26 दिवस, 416 तास. गुणाकार येतो 4,700 टन.

हे 4,700 कधी, तर यंत्र एक सेकंदही न थांबता, पूर्ण वेगाने, पूर्ण रुंदीवर चाललं तर. प्रत्यक्षात कागदाचा रोल संपतो, ऑर्डर बदलली की माप बदलतं, कडेची पट्टी कापून वाया जाते, सकाळी वाफेचा दाब यायला वेळ लागतो. यातलं निम्मं हाती आलं तरी तो कारखाना बरा चालला असं मी म्हणेन. आणि तू लिहितेस 5,000. या धंद्यातला संपादक हा गुणाकार फोनवर बोलता बोलता करतो. त्याने तुझी नोट बाजूला ठेवली ती रागाने नव्हे. पहिला आकडा खोटा निघाला म्हटल्यावर बाकीचे तपासायला त्याच्याकडे वेळ नाही, एवढंच.

5,000 हा आकडा आला कुठून ते तू सांगितलंस. मालकांनी तीन पाळ्या धरल्या होत्या, आणि तिसऱ्या पाळीची माणसं अजून भरलेली नाहीत. म्हणजे पुन्हा तेच. तो आकडा खोटा नव्हता, तो पुढच्या टप्प्याचा होता, आणि तू तो आजच्या टप्प्याला चिकटवलास. आधी टप्पा लिही म्हणतो ते यासाठी. टप्पा ठरला की आकडे आपोआप आपापल्या जागी बसतात. 'स्थापित क्षमता' वेगळी आणि 'सध्याचं उत्पादन' वेगळं. किती पाळ्या आणि किती जीएसएम धरले, हे शेजारी लिहिल्याशिवाय टनांचा आकडा लिहायचाच नाही.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, तेही सांगतो. पस्तिशीत असताना मी तारापूरच्या एका रंगद्रव्य कारखान्याची प्रसिद्धी बघायचो. संचालकांनी फोनवर सांगितलं, युनिट चालू झालं. मी 'उत्पादन सुरू' असं लिहून एका मासिकाच्या संपादकांना दिलं, आणि त्यांनी माझ्या शब्दावर पहिल्या पानावर घेतलं. खरं काय होतं? बॉयलर पेटला होता, एक ट्रायल बॅच निघाली होती, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून चालवण्याची संमती यायची होती. उभारणीची संमती वेगळी आणि चालवण्याची वेगळी, हे मला माहीत होतं. विचारलं मात्र नाही. बातमी वाचून शाईच्या एका कारखान्याने नमुने मागवले, त्यांना सांगण्यात आलं चार महिन्यांनी या. त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. संपादकांनी मला फोन केला आणि एकच विचारलं, 'तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं होतंत का?' मी नाही म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं माझी एकही बातमी त्यांनी घेतली नाही, चांगली होती तीसुद्धा.

मी स्वतःला समजवायचो की संचालकांनी सांगितलं, मी लिहिलं, यात माझा काय दोष? घराचे हप्ते होते, ग्राहक मोठा होता. अजूनही कधी कधी तसंच वाटतं. पण बोरिवलीहून गाडी पकडून बोईसरला उतरणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि ते मी केलं नाही, हे काही बदलत नाही. त्यानंतर मी ठरवलं की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवीन युनिटची ओळही लिहायची नाही. या हट्टापायी पुढे एक मोठं काम हातचं गेलं. मालकांना दिवाळीआधी छापून हवं होतं, शेडवर पत्रे चढायचे होते. मी नाही म्हणालो. तुझी काकू तेव्हा महिनाभर धड बोलली नव्हती. मला आजही वाटतं की मी बरोबर होतो.

असो. तुझ्या कारखान्याकडे येऊ. फोनवर तू एक गोष्ट अगदी जाता जाता सांगितलीस, आणि नोटेत तिचा पत्ताच नाही. कॉरुगेटर ट्रायलवर चालू आहे, पण छपाई करून खाचा पाडणारं यंत्र अजून आलेलं नाही. म्हणजे भिवंडीत आज बॉक्स बनतच नाहीत. शीट बनते, ती ट्रकने जुन्या युनिटला जाते आणि बॉक्स तिथे होतात. अगं, हीच तर बातमी आहे! तू ती लाजून लपवलीस. आजूबाजूच्या ज्या छोट्या कारखान्यांकडे स्वतःचा कॉरुगेटर नाही, ते तयार शीट विकत घेतात. तुझे मालक पुढचे काही महिने जास्तीची शीट बाहेर विकणार आहेत का, हे विचार. हो म्हणाले तर मासिकाच्या निम्म्या वाचकांना उपयोगी पडेल अशी बातमी तुझ्या हातात आहे.

संपादकाला पत्र असं लिही. विषयाच्या ओळीत: 'भिवंडीत 1,800 मिमी कॉरुगेटर ट्रायलवर, बॉक्स उत्पादन अमुक महिन्यापासून'. मग चार वाक्यं. पहिल्यात टप्पा, तारखेसकट. दुसऱ्यात यंत्र काय आणि कुणी बनवलेलं. तिसऱ्यात क्षमता, कशाच्या आधारावर काढली ते सांगून. चौथ्यात काय अजून व्हायचंय आणि कधी. शेवटी प्लँट मॅनेजरचं नाव आणि नंबर, त्यांना विचारून. तुझा नंबर पुरत नाही, कारण संपादकाला वाफेच्या दाबाबद्दल विचारायचं असतं. पत्र अकरा जणांना एकदम पाठवू नकोस. ज्याचा वाचक शीट विकत घेतो, त्या एकाला आधी दे, आठवडाभर थांब, एकदाच फोन कर. अंक कधी बंद होतो ते त्याच फोनवर विचार. मी ज्या मासिकात होतो तिथे आदल्या महिन्याच्या पंधरा तारखेनंतर आलेलं काहीही पुढच्या अंकात जायचं, कितीही रडलं तरी.

मालकांचं अवतरण ठेवायचं तर 'ग्राहकांचा विश्वास हीच आमची पुंजी' हे काढ. भिवंडीच का निवडली, हे त्यांच्या तोंडून घे. आजूबाजूच्या गोदामांमुळे असेल तर तेच त्यांच्या शब्दांत लिही. आणि फीत कापतानाचा फोटो पाठवू नकोस. यंत्राचा काढ, शेजारी काम करणारा माणूस असलेला, म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवलास की तो आक्रसतो. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे पानभर रुंदीसाठी अडीच हजार पिक्सेल. मूळ फाइल ईमेलने दे.

एक गोष्ट पुढच्यासाठी. हा ग्राहक शेअर बाजारात नोंदलेला नाही, म्हणून तू सुटलीस. नोंदलेल्या कंपनीचं युनिट असेल तर उत्पादन सुरू झाल्याची किंवा लांबल्याची बातमी सेबीच्या नियमांप्रमाणे आधी एक्स्चेंजला कळवावी लागते, संपादकाला मागाहून. तिथे तर 'उत्पादन सुरू' हा शब्द कंपनी सेक्रेटरीला विचारल्याशिवाय तोंडातूनही काढायचा नाही.

साहेब म्हणतील, ट्रायल लिहिलं तर छोटं वाटतं. त्यांच्यापुढे तो गुणाकार ठेव आणि गप्प बस. तरीही ऐकलं नाही तर मला सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

पण त्याआधी शनिवारी ठाण्याहून भिवंडीला जा. चपला नको, बूट घाल, कागदाच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट सारखी फिरत असते. कॉरुगेटर चालू असताना पोच, म्हणजे सकाळच्या पाळीला. प्लँट मॅनेजरना तीन गोष्टी विचार: काल किती टन शीट निघाली, चालवण्याची संमती हातात आली का, आणि छपाईचं यंत्र आज कुठे आहे, यंत्र बनवणाऱ्याकडे, बंदरात की वाटेत. तिन्ही उत्तरं वहीत लिहून घे आणि परत येताना बसमधूनच मला फोन कर. मी घरीच आहे.

तुझा,
काका