जिल्हानिहाय प्रकाशाची बेरीज आणि विद्युतीकरण

प्रश्न: रात्रीचा प्रकाश मोजणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या मासिक रास्टरमधून २०१४ आणि २०१९ साठी महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याची बेरीज काढली आहे. वाढीच्या टक्केवारीवरून कोणत्या जिल्ह्यात विद्युतीकरण जास्त झाले, असे म्हणता येईल का?

उत्तर:

नाही, निदान या बेरजेवरून तरी नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे कारण हीच चूक मी स्वतः केली, एका बैठकीत ती मांडली आणि मागे घ्यायला निघाले तेव्हा मला ती घेऊ दिली गेली नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होते. तुम्ही केले आहे तेच आम्ही केले होते: दोन्ही वर्षांचे मार्च-एप्रिलचे मासिक रास्टर, जिल्ह्यांच्या सीमा आणि झोनल स्टॅटिस्टिक्समधली बेरीज. मार्च-एप्रिल निवडण्याचे कारण सोपे होते. पावसाळ्यात आपल्याकडे ढगांमुळे अनेक पिक्सेलांना एकही निरभ्र रात्र मिळत नाही, निरभ्र निरीक्षणांची संख्या सांगणारा `cf_cvg` शून्य होतो आणि प्रकाशाची सरासरी देणाऱ्या `avg_rad` मध्येही शून्य भरले जाते. तो शून्य अंधाराचा नसतो, निरीक्षणच नसल्याचा असतो. ही अडचण आम्ही टाळली, याचा आम्हांला अभिमानही होता. नकाशा तयार झाला आणि वाढीच्या टक्केवारीत गडचिरोली राज्यात पहिला आला. आमचे वरिष्ठ खूश झाले, कारण मागास जिल्ह्यात वीज पोहोचली ही बातमी त्यांना हवीच होती.

मला शंका आली ती बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. भामरागडच्या बाजूला जिथे गाव नाही, रस्ता नाही, अशा जंगलातल्या पिक्सेलवर मी सहज क्लिक केले. २०१४ चे मूल्य ०.०६ आणि २०१९ चे ०.२१. शेजारच्या पिक्सेलवरही साधारण तेवढीच वाढ. त्याच्याही शेजारी तेच. मग मी कोयनेच्या जलाशयाच्या मधोमध क्लिक केले, तर तिथेही मूल्य वर सरकलेले होते. पाण्यावर कोणी मीटर बसवलेले नव्हते.

उपग्रहाच्या संवेदकाचा शून्य हा अमावास्येच्या रात्री अंधाऱ्या महासागराकडे पाहून ठरवलेला असतो. मात्र वातावरणाच्या वरच्या थराला स्वतःचे मंद तेज असते, ते कमीजास्त होते आणि ते काढून टाकल्यावरही थोडे शिल्लक राहते. मासिक रास्टरमध्ये हा अवशेष तसाच असतो, म्हणून काही पिक्सेलांत ऋण मूल्येही दिसतात. एका पिक्सेलवर ०.१५ म्हणजे काहीच नाही, पण बेरीज त्याला पिक्सेलांच्या संख्येने गुणते. आपल्या अक्षांशावर पंधरा कोनीय सेकंदांचा एक पिक्सेल सुमारे ०.२ चौरस किलोमीटरचा असतो. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे अंदाजे ७१ हजार पिक्सेल. प्रत्येकी ०.१५ धरले तर एकही दिवा न लागता बेरीज साडेदहा हजारांनी वाढते. आता एखाद्या गावठाणात खरोखर पथदिवे आले, चार पिक्सेल उजळले आणि प्रत्येकी ०.५ ने वाढले, तर त्या गावाची भर फक्त २ इतकी. म्हणजे ती खोटी वाढ पाच हजारांहून अधिक गावांच्या विद्युतीकरणाइतकी झाली, आणि त्या जिल्ह्यात गावे दोन हजारही नाहीत! उलट मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम आठशे पिक्सेल बसतात, त्यामुळे तिथे हीच चूक सव्वाशेच्या आत राहते आणि मूळ बेरीजच इतकी मोठी असते की ती कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या यादीत वर आलेले जिल्हे मोठे, जंगलाचे आणि मुळात अंधारे आहेत का, एवढे पाहा. तसे असेल, तर तुम्ही विद्युतीकरण मोजलेले नाही, क्षेत्रफळ मोजले आहे.

त्यात मार्च-एप्रिल हे आमचे दुसरे दुर्दैव. मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, वणवेही याच दिवसांत लागतात आणि मासिक रास्टरमधून आगी गाळलेल्या नसतात. एका वर्षी खूप उजळ आणि दुसऱ्या वर्षी पार अंधारे असे एकटेदुकटे पिक्सेल दिसले, तर ते गाव नसून आग आहे असे समजावे. डिसेंबर-जानेवारीचे महिने घेतले असते, तर हा त्रास बराच टळला असता.

बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, ‘‘बेरीज ती बेरीज, तिच्यात कसली लबाडी?’’ त्यांच्या मते, सगळ्या जिल्ह्यांना एकच पद्धत लावली की तुलना न्याय्य होते. हे मला आजही मान्य नाही. एकच काटा सगळ्यांना वापरला, पण त्या काट्यावर आधीच प्रत्येकाच्या पोत्याचे वजन असले आणि पोती लहानमोठी असली, तर तो न्याय कसला?

मी पुढे वापरलेली पद्धत अशी. गावठाणांच्या बिंदूंभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ आखून एकच मुखवटा, म्हणजे कोणते पिक्सेल धरायचे याचा नकाशा, तयार करायचा आणि तोच दोन्ही वर्षांना लावायचा. त्याच परिसरातल्या निर्मनुष्य जंगलाचा किंवा पाण्याचा फरक हा पार्श्वभूमी म्हणून वजा करायचा, आणि तो राज्यभर एकच न धरता जिल्ह्यागणिक वेगळा काढायचा. म्हणून खालचा कोड एकेका जिल्ह्यासाठी वेगळा चालवायचा; त्यात `b` म्हणजे प्रकाशाची मूल्ये आणि `cf` म्हणजे निरभ्र निरीक्षणांची संख्या.

```
d = b19 - b14
d[(cf14 < 3) | (cf19 < 3)] = np.nan
bg = np.nanmedian(d[forest])
gain = d[village] - bg
```

यानंतरही `gain` ची बेरीज करू नका. जंगलातल्या पिक्सेलांमध्ये जेवढा चढउतार नैसर्गिकपणे दिसतो, त्याच्या तिप्पट वाढ ज्या गावांत आहे अशी गावे मोजा. पुणे जिल्ह्यात बेरीज केलीत, तर चाकण आणि हिंजवडी इतकी भर घालतात की भोर-वेल्ह्यातली गावे उजळली काय आणि विझली काय, काहीच कळत नाही. पार्श्वभूमी आणि आगी आधीच शून्य केलेले वार्षिक रास्टरही मिळतात व बरेच जण तेच सुचवतील. पण त्या गाळणीत नुकती वीज आलेली मिणमिणती वस्तीसुद्धा पुसली जाऊ शकते, आणि तुम्हांला शोधायची आहे ती तीच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे दोन्ही वर्षांना एकच सीमा वापरा. उपग्रह रात्री दीडच्या सुमारास जातो, तेव्हा घरातले दिवे मालवलेले असतात. दिसतात ते मुख्यतः पथदिवे, कारखाने आणि महामार्ग. शिवाय याच काळात सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवले गेले आणि या संवेदकाला एलईडीचा निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून रस्ता डोळ्यांना अधिक उजळ झाला तरी आकडा उतरू शकतो.

त्यामुळे विद्युतीकरण म्हणजे घरगुती जोडणी असे तुमच्या मनात असेल, तर २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत घरगुती विजेची जिल्हानिहाय टक्केवारी सरळ दिलेली आहे. प्रकाशाचे आकडे तिच्याशी ताडून पाहावेत, तिच्या जागी वापरू नयेत. मी त्या बैठकीत यांतल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणाचा तक्ता पुढे केला होता. वरिष्ठांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे, पण हा रात्रीच्या नकाशासारखा दिसत नाही.’’