भावाला सक्तमजुरी झाली: आतलं काम, पगार आणि शिक्षण

"धाकट्या भावाला सात वर्षं सक्तमजुरी झाली. शाळा बारावीपर्यंत. आत काम, पगार, शिक्षण मिळतं का? आम्ही बाहेरून काय करायचं?"

ताई, तुमची पोस्ट वाचून आमचंच घर आठवलं. मी वकील नाही, आमच्या अनुभवावरून लिहितेय. नियम बदलतात, तेव्हा कारागृहात विचारून खात्री करून घ्या.

सक्तमजुरी म्हणजे काम करावंच लागतं. आमचा भाऊ आत असताना आधी झाडलोटीला होता, मग सुतारकामात गेला. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर दिवसाला अकुशलला ५३, अर्धकुशलला ६७ आणि कुशलला ७४ रुपये मिळू लागले. अर्धकुशल माणसाचे २६ दिवस भरले तर १७४२ रुपये. पैसे हातात येत नाहीत, त्याच्या खात्यात जमा होतात. त्यातून कॅन्टीन चालतं, उरले तर घरी पाठवता येतात. म्हणून हुन्नर शिकायला लावा. अकुशल आणि कुशल यांच्यातल्या फरकाचे दिवसाचे एकवीस रुपये बाहेर काहीच नाहीत, आत फार असतात.

शिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची केंद्रं काही कारागृहांत आहेत. पदवी पूर्ण केली तर ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते, म्हणजे शिक्षेतले तेवढे दिवस कमी होतात.

इथेच आम्ही फसलो. भावाचं शाळेतलं नाव ज्ञानेश्वर, गावात सगळे बाळू म्हणायचे. गुन्हा नोंदवताना कोणीतरी 'बाळू' लिहिलं, तेच आरोपपत्रात, निकालपत्रात आणि वॉरंटवर उतरलं. कारागृहाची नोंद वॉरंटवरून होते. प्रवेश घेताना आम्ही शाळेचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका दिली, त्यामुळे पदवी आली 'ज्ञानेश्वर'ची. माफीचा प्रस्ताव अडला: बाळू कोण आणि ज्ञानेश्वर कोण? त्यानंतर एका कार्यालयात (नाव घेत नाही) पाच खेपा झाल्या. टेबलावरचे साहेब दर वेळी म्हणायचे, "वरून पत्र आणा." कुठून वरून, ते कधीच सांगितलं नाही. शेवटी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र वकिलाने केलं, त्याला दाखला आणि आधार जोडलं, तेव्हा कुठे हललं. तोवर भाऊ सुटायला दोन आठवडे राहिले होते. नव्वदपैकी किती उपयोगी पडले, ते तुम्हीच मोजा.

म्हणून अर्ज भरण्याआधी भावाकडून कारागृहातलं नाव अक्षरन्‌अक्षर लिहून मागा आणि दाखल्याशी ताडून बघा. वडिलांचं नावही. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र तेव्हाच करा, आणि झेरॉक्सचे दोन संच घरी ठेवा.

जाता जाता एक: २०२२ मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू झाली. बंद्याला ५० हजारांपर्यंत, ७ टक्क्यांनी, आणि फेड त्याच्या कामाच्या पगारातून. घरी मुलांच्या फीची अडचण असेल तर भावाला भेटायला गेल्यावर विचारा. आम्हाला ते उशिरा कळलं, नाहीतर सावकाराकडे गेलोच नसतो.